डेमी पुस्तकाची पीडीएफ: शब्द शिवणीत जातायत, काय करू?

देवगडवाली
नमस्कार. माझ्या वडिलांनी, अण्णांनी (वय ८१), देवगड बंदरातल्या आगबोटीच्या दिवसांच्या आठवणी दोन वह्या भरून लिहिल्यात. गेले दोन पावसाळे बसून मी त्या वर्डमध्ये टाइप केल्या. ए-फोरवर ६२ पानं झाली, युनिकोड, १२ पॉइंट. पानं वाढू नयेत म्हणून मार्जिन `Narrow` घेतलं. मागणीनुसार छापून देणाऱ्या एका साइटवर डेमी आकार, म्हणजे ५.५ × ८.५ इंच, निवडला, फाइल चढवली आणि एक नमुना प्रत मागवली. प्रत आली तर अक्षर मुंगीएवढं, प्रत्येक पानाखाली कोरा पट्टा, आणि शिवणीकडचे शब्द पुस्तक ताणल्याशिवाय दिसत नाहीत. अण्णांनी भिंग लावून दोन पानं वाचली आणि मिटून ठेवलं.
मला २५ प्रती हव्यात, हातात ५,००० रुपये आहेत. त्याहून जास्त नाहीत. पीडीएफ नेमकी कशी करू?

हापूस_कट्टा
५०० प्रती ऑफसेटवर काढा. मी कोल्हापुरात काढल्या होत्या, एक प्रत निम्म्याहून कमी पैशात पडली. २५ प्रतींत काही अर्थ नाही.

देवगडवाली
दादा, ५०० प्रती ठेवायच्या कुठे? आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते.

मालवणची_माई
गो बाय, मी सांगतंय ता आयक. पुस्तक छापूचा तर कागद जाड घे. माझ्या भावाच्या कवितांचा पुस्तक पातळ कागदावर काढला, पावसात पानां पापडासारखी वाकडी झाली.

रत्नांग्री_७२
सोपं आहे. ए-फोरचं अर्धं म्हणजे ए-फाइव्ह, आणि ए-फाइव्ह म्हणजेच आपली डेमी. तुमची ६२ पानं दुप्पट होऊन १२४ होतील. कागदाचा आकार बदला, काम झालं.

जुळारी
रत्नागिरीत वीस वर्षं डीटीपी करतोय. ए-फाइव्ह आणि डेमी एक नाहीत. ए-फाइव्ह १४८ × २१० मिलिमीटर, तुम्ही निवडलेला ५.५ × ८.५ इंच म्हणजे १३९.७ × २१५.९. एक आठ मिलिमीटर रुंद, दुसरा सहा मिलिमीटर उंच. त्यामुळे ए-फाइव्हची फाइलसुद्धा साइट थोडी दाबूनच बसवेल.

देवगडवाली, तुमच्या प्रतीत काय झालं ते सांगतो. ए-फोरची रुंदी २१० आहे, ती १३९.७ मध्ये बसवायला पान ६६.५ टक्क्यांवर आलं. १२ पॉइंटचं अक्षर झालं ८ पॉइंट. उंची त्याच प्रमाणात २९७ वरून साधारण १९७.५ वर आली आणि कागद तर २१५.९ चा, म्हणून १८ मिलिमीटरचा कोरा पट्टा राहिला. `Narrow` चं १२.७ मिलिमीटर मार्जिन आटून ८.४ झालं. चिकट बांधणीचं पुस्तक पूर्ण उघडत नाही, शिवणीकडचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर डोळ्याला मिळत नाही. म्हणून शब्द गेले. यात छापणाऱ्याची चूक नाही, फाइलच चुकीच्या आकाराची होती.

आता वर्डमध्ये `Layout > Size > More Paper Sizes` इथे रुंदी १३.९७ आणि उंची २१.५९ सेंटिमीटर घाला, `Apply to: Whole document`. मग `Custom Margins` मध्ये `Multiple pages` ला `Mirror margins` निवडा. लगेच `Left`–`Right` च्या जागी `Inside`–`Outside` दिसेल. आत १९, बाहेर १४, वर १७, खाली १९ मिलिमीटर ठेवा. हे आधी करा आणि मगच पानं मोजा.

रत्नांग्री_७२
वर `Gutter` ची चौकट आहे, ती बांधणीसाठीच असते. त्यात १० मिलिमीटर टाकायचे.

जुळारी
`Gutter` हा `Inside` मध्ये मिळवला जातो. १९ अधिक १० म्हणजे २९ मिलिमीटर, मजकुराचा रकाना उगाच चिंचोळा होईल. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी आकडा द्या, दुसरा शून्य.

कुडाळकर_वाचनालय
मूळ प्रश्न पानांचा आहे असं मला वाटतं. ६२ पानं म्हणजे ६२ कागद की ६२ बाजू? आमच्या स्मरणिकेच्या वेळी मी "८० पानं" लिहिलं, समोरच्याने ८० बाजू धरल्या. मुखपृष्ठाचा कणा निम्म्या जाडीचा करून आला आणि पुस्तकाचं नाव घडीवर गेलं. सगळ्या प्रती फुकट गेल्या. त्या दिवसापासून मी "पृष्ठं" असंच लिहितो.

देवगडवाली
६२ बाजू. वर्ड खाली दाखवतं तो आकडा.

जुळारी
साइटही बाजूच मोजते, कोऱ्या धरून. आणि ६२ चे १२४ होणार नाहीत. जुन्या पानावर मजकुराचा चौकोन १८४.६ × २७१.६ मिलिमीटर होता. नव्या मार्जिनांनी तो १०६.७ × १७९.९ राहतो. क्षेत्रफळ भागलं तर २.६ येतात. १२ पॉइंट कायम ठेवलं तर ६२ ची १६२ पृष्ठं होतील, वर शीर्षक, हक्क, अर्पण, अनुक्रम अशी आठेक.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण शिवणीकडचं मार्जिन किती हवं ते पृष्ठसंख्येवर ठरतं. ॲमेझॉनच्या केडीपी या पुस्तक छापून देणाऱ्या सेवेच्या तक्त्यात १५० पृष्ठांपर्यंत कमीत कमी ९.६ मिलिमीटर, १५१ ते ३०० ला १२.७, ३०१ ते ५०० ला १५.९ आहे. तुमच्या साइटचा तक्ता वेगळा असेल, तो बघा. पण पुस्तक जाड होतं तसं ते कमी उघडतं, हे सगळीकडे सारखंच. गोची अशी की मार्जिन वाढवलं की रकाना अरुंद होतो आणि पृष्ठं आणखी वाढतात. १४८ वर असलेलं पुस्तक असंच १५४ वर जातं आणि आधीचं मार्जिन अपुरं पडतं. म्हणून मी काठावर खेळत नाही. तो किमान आकडा फाइल स्वीकारली जावी म्हणून आहे, वाचकासाठी १८-१९ लागतातच.

खर्च आटोक्यात हवा असेल तर ११ पॉइंट घ्या. मजकूर १३६ च्या आसपास बसेल.

हापूस_कट्टा
११ घ्या. माझं पुस्तक ११ मध्येच आहे, कुणी तक्रार केली नाही. आणि ५०० प्रतींचा विचार करा, खरंच.

हर्णैची_मीनल
मी लिब्रेऑफिसवर केलं, माझा धडा ऐका. `Page Style` मध्ये `Mirrored` लावलं, प्रकरणं उजव्या पानावर सुरू केली, स्क्रीनवर सगळं नीट. छापून आलं तर पहिली तीन पृष्ठं बरोबर आणि पुढे सगळं उलटं! मोठं मार्जिन बाहेर, छोटं शिवणीत, मग एका प्रकरणापासून परत बरोबर. १५ प्रती वाया गेल्या. कारण सापडायला आठवडा लागला. प्रकरण उजवीकडे यावं म्हणून प्रोग्रॅम मध्ये कोरं पान घालतो, पण ते पीडीएफमध्ये जाईलच असं नाही. एक पान गळलं की पुढचं उजवं पान डावं होतं, पुढे दुसरं गळलं की पुन्हा जागेवर येतं. पीडीएफ काढताना `Export automatically inserted blank pages` वर खूण हवी, माझी नव्हती.

जुळारी
मीनलताई, हे बरं सांगितलंत. ताळा असा: पृष्ठ क्रमांक बाहेरच्या कोपऱ्यात ठेवायचे. मग ॲक्रोबॅट रीडरमध्ये `Two Page View` आणि `Show Cover Page in Two Page View` दोन्ही लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं सरकवायची. पहिलं पृष्ठ एकटं उजवीकडे दिसलं पाहिजे. जिथे क्रमांक मध्यभागी, शिवणीजवळ आले तिथे एक पान गळलंय किंवा जास्त आलंय.

पडवीतला_वाचक
डेमी ५.५ × ८.५ नसते. माझ्या घरच्या जुन्या मराठी पुस्तकांना पट्टी लावा, सव्वापाच बाय सव्वाआठच्या जवळ भरतात.

जुळारी
कापणीत जातं ते. छापखान्यात कागद दुमडून, कापून डेमी होते, प्रत्येकाची कापणी वेगळी. इथे साइट आकडा देते, आपण तोच द्यायचा.

पडवीतला_वाचक
कापल्यावरचाच आकार खरा आकार. आकडा कोण देतं याने तो बदलत नाही.

देवगडवाली
काल रात्री सगळं केलं. एक अडचण आली: पीडीएफ परत ए-फोरच निघाली. मधोमध छोटा मजकूर, भोवती पांढरं.

हर्णैची_मीनल
`Microsoft Print to PDF` वापरलंत का? तो प्रिंटर आहे, त्याच्या यादीत तुमचा कागद नाही. `Save As` मधून पीडीएफ काढा.

जुळारी
बरोबर. चढवण्याआधी पीडीएफ उघडून `Ctrl+D` दाबा, `Page Size` दिसेल. किंवा पॉपलर ही साधनं टाकून कमांड लाइनवर हे चालवा:

```
pdfinfo pustak.pdf
pdffonts pustak.pdf
```

पहिल्यात `396 x 612 pts` आलं पाहिजे, कारण एका इंचात ७२ पॉइंट. `595` नि `842` च्या जवळचे आकडे दिसले तर ते ए-फोर. दुसऱ्यात `emb` खाली प्रत्येक फॉन्टपुढे `yes` हवं, नाहीतर तिकडच्या यंत्रावर जोडाक्षरं फुटतील.

मालवणची_माई
आणि कागद जाड घे गो.

देवगडवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. `396 x 612` आलं, फॉन्टला `yes` आलं. शेवटी मी असं ठरवलं.

११ पॉइंट घेत नाही. हे पुस्तक वाचणारे अण्णांच्या बरोबरीचे आहेत, बंदरावर पडावातून उतारू ने-आण केलेले लोक. त्यांना ११ दिसणार नाही. १२ च ठेवलंय. प्रकरणं मात्र उजवीकडे सुरू करत नाही, जिथे एक संपतं तिथे पुढच्या पृष्ठावर दुसरं. जुळारीदादांना ते आवडणार नाही, पण पाच कोरी पृष्ठं वाचली आणि गळायला काही उरलंच नाही. एकूण १६७ झाली, शेवटी एक कोरं घालून १६८. आतलं मार्जिन १९.

या पृष्ठसंख्येला साइटचा हिशेब धरला तर ५,००० मध्ये १९ प्रती बसतात. त्यातली एक आधी नमुना म्हणून मागवलीय. ती अण्णांनी भिंगाशिवाय वाचली तर बाकीच्या १८.

जुळारी
प्रकरण डावीकडे सुरू झालेलं मला पटत नाही. निदान पहिलं तरी उजवीकडे घ्या, त्याला फार तर एकच कोरं पान लागेल. मग शेवटचं काढून १६८ च राहतील.

देवगडवाली
हो, पहिलं घेते. पण त्याने पुढची सगळी पृष्ठं एकाने सरकतील. म्हणजे दोन-दोन पानांचा ताळा परत पहिल्यापासून करावा लागेल ना?

जुळारी
परत पहिल्यापासून. आणि अनुक्रमणिकेतले आकडेही.

हापूस_कट्टा
१९ प्रती? कोल्हापूरचा नंबर देऊ का?