अभिप्राय कार्डांत तीच तक्रार दर महिन्याला परत येते, कुठे चुकतंय?

काउंटरवाली: नमस्कार मंडळी. आमचं ४८ खोल्यांचं हॉटेल आहे. महिनाअखेर पाहुण्यांची कार्डं आणि ऑनलाइन शेरे मी एक्सेलमध्ये भरते, विषय लावते आणि मीटिंगमध्ये कामं वाटली जातात. गेल्या महिन्यात 'बाथरूम'खाली १४ तक्रारी होत्या. हाउसकीपिंगने घासूनपुसून लख्ख केलं. या महिन्यात १३! सुपरवायझरबाई आता माझ्याशी धड बोलतही नाहीत.

रिकामाखाट: आमच्याकडे तर कार्डं कोणी भरतच नाही. चेकआउटला चॉकलेट ठेवलं तर भरतील का?

जुनाजाणता: 'बाथरूम' ही जागा झाली, तक्रार नव्हे. पाहुण्याचे शब्द जसेच्या तसे ठेवा, शेजारी खोली नंबर आणि वेळ लिहा. वेळ कार्डावर नसते, ती रिसेप्शनच्या वहीत सापडेल. मात्र एकाच पाहुण्याचा फोन आणि कार्ड दोनदा मोजू नका.

काउंटरवाली: केलं. १३ पैकी ८ जणांनी गरम पाणी उशिरा येतं असं लिहिलंय. त्यातले ६ जण ३१० ते ३१६ मधले! वहीत त्यांचे फोन पहाटे साडेपाच ते सहाच्या दरम्यानचे. म्हणजे हाउसकीपिंगचा काही संबंधच नाही.

जुनाजाणता: त्या खोल्या बॉयलरपासून सगळ्यात लांब असणार. गरम पाणी पाइपात फिरवत ठेवणारा पंप रात्री बंद असतो का, विचारा. बंद असेल तर पाइपातलं पाणी निवतं. पहाटे घड्याळ लावून दोन खोल्यांचे नळ सोडून बघा.

काउंटरवाली: वीज वाचवायला पंप ११ ते ६:३० बंद! १०२ मध्ये २० सेकंदांत गरम पाणी आलं, ३१४ मध्ये चार मिनिटं लागली. टायमर आता ४:३० वर आणलाय, मेंटेनन्सच्या एकाच माणसाच्या नावावर काम टाकलंय. १५ तारखेला पहाटे तोच पुन्हा मोजेल.

आकडेमोड: पुढच्या महिन्यात तक्रारींची संख्या नको, टक्केवारी बघा. एकूण कार्डांना भागा.

जुनाजाणता: भागायचं हे बरोबर, पण कार्डांनी नको. वर चॉकलेटची गोष्ट निघालीच आहे. उद्या ते ठेवलं की खूश पाहुणेही कार्ड भरतील आणि काहीही न सुधारता टक्का उतरेल. महिन्याभरात रोज किती खोल्या भरल्या त्यांची बेरीज घ्या आणि दर शंभरामागे तक्रारी काढा. नाहीतर मंदीच्या महिन्यात सगळं आपोआप सुधारल्यासारखं दिसतं.

काउंटरवाली: हे पटलं. उरलेल्या ५ तक्रारी वासाच्या आहेत, पण पाच वेगळ्या खोल्या, वेगळे मजले. काहीच जुळत नाही.

जुनाजाणता: पाहुणा येण्याआधी त्या खोल्या किती दिवस रिकाम्या होत्या? मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो. नक्की तेच असेल असं नाही.

काउंटरवाली: तो रकाना माझ्या शीटमध्ये नाहीच. बुकिंगमधून काढते.