‘क्रिंज’ म्हणजे नेमकं काय, आणि पोरं सारखं का म्हणतात?

शहापूरची काकू (बेळगाव)
नमस्कार. माझा शिवणाचा क्लास आहे. थोरली पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते, गणपतीत चार दिवस आलती. आरतीला गल्लीतली मंडळी जमली. आमच्या ह्यांनी नेहमीसारखा खड्या आवाजात गजर केला. मी प्रसाद वाटत होतो, शेजारच्या कानडी अक्का उठायला लागल्या तसं म्हणालो, “बसा ओ, मी देतो की, कुंत्कोरी.” थोरली मोबाईल हातात धरून दारात उभी होती. हळूच म्हणाली, “आई, किती क्रिंज.”

रागानं नाही म्हणाली. हसून पण नाही. म्हणून जास्त लागलं. घरातल्या जुन्या शब्दकोशात बघितलं तर “भीतीने अंग चोरणे, लाचारपणे वाकणे” असं आहे. ते कुठंच बसेना. धाकटा तर हाच शब्द दिवसातनं वीसदा म्हणतो. टीव्हीवरच्या जाहिरातीला क्रिंज, सरांच्या भाषणाला क्रिंज, स्वतःच्या आठवीतल्या फोटोला पण क्रिंज. कुणी नीट समजावून सांगेल का?

वडगावचे साडीवाले
वहिनी, तो शब्द क्रिंकल असेल. चुण्या पाडलेलं कापड येतं बघा, इस्त्री लागत नाही. पाच-सहा वर्षांमागं मुली तेच मागत होत्या. तुमच्या अंगावर तशी साडी होती काय?

निपाणीकर
साडीचा संबंध नाही मामा. क्रिंज म्हणजे किळस. बघवत नाही, ऐकवत नाही असं काही दिसलं की म्हणतात. आपल्याकडं ‘शी’ म्हणतात तेच, इंग्रजीत म्हटलं की फॅशन. यापेक्षा जास्त काही नाही त्यात.

येळ्ळूरची, बी.कॉम. दुसरं वर्ष
किळस नव्हे ओ. किळस आली की आपण तोंड फिरवतो आणि विषय संपतो. गटार बघून मी क्रिंज म्हणत नाही. क्रिंजमध्ये समोर माणूस लागतो, आणि त्याला स्वतःला कळत नसतं की आपलं काय चाललंय.

आमच्या गॅदरिंगला एका पोरानं स्टेजवर माईक घेऊन एका मुलीसाठी शायरी म्हटली. ती मुलगी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली. तो मात्र डोळे मिटून, हात पसरून, तीन-तीनदा तीच ओळ. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि आम्ही दोनशे जण खुर्चीत आकसलेले. मी तर पायाची बोटं चपलेत आवळून बसलो होतो. ते क्रिंज. लाज त्याची, पण ती भोगायला आम्ही.

खानापूरचे मास्तर (निवृत्त, इंग्रजी)
येळ्ळूरच्या बाळानं गाभा पकडला. “आकसलेले” आणि “बोटं आवळून” हे जे तिनं लिहिलं, ते तर या शब्दाचं मूळच आहे.

जुन्या इंग्रजीत ‘क्रिंगन’ असं क्रियापद होतं. अर्थ वाकणे, हार खाणे, लढाईत कोसळणे. पुढं तो धन्यासमोर भीतीनं किंवा लाचारीनं वाकणाऱ्या माणसाला लावू लागले. काकूंच्या कोशात आहे तो अर्थ हा, म्हणजे कोश चुकलेला नाही, मागं राहिला आहे. त्यानंतर अंग चोरण्याचं कारण बदललं. भीतीच्या जागी ओशाळेपणा आला. शरीराची हालचाल मात्र तीच राहिली. आणि वडगावच्या मामांना सांगतो, तुमचं क्रिंकल त्याच घरातलं आहे. कापड आकसलं की क्रिंकल, माणूस आकसला की क्रिंज.

पण खरा बदल अर्थात नाही, व्याकरणात झाला. मी शिकवत होतो तेव्हा हे क्रियापद होतं. आकसायची क्रिया बघणाऱ्याची, म्हणून कर्ता ‘मी’. आता इंटरनेटवर ते विशेषण झालं. ‘तो क्रिंज आहे’, ‘ते गाणं क्रिंज आहे’. होतंय मला, पण वाक्यातनं मीच गायब, आणि दोष जाऊन चिकटला समोरच्याला.

मराठीत हे सहज लपवता येत नाही. आपण म्हणतो “मला कसंनुसं झालं”, “मला मेल्याहून मेल्यासारखं झालं”. ‘मला’ आल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. कुणाला झालं ते सांगावंच लागतं. क्रिंज म्हटलं की ते सांगायची गरज उरत नाही. पोरं तो इतका का वापरतात याचं माझ्या मते पहिलं कारण हे. मनातलं न उघडता मत देता येतं.

निपाणीकर
किळस नाही हे मान्य. पण सर, आम्ही पण कॉलेजात होतो. आम्हाला कसंनुसं होत नव्हतं काय? दिवसातनं वीसदा कोण म्हणत होतं?

येळ्ळूरची
तुमच्या वेळी गॅदरिंग संपलं की संपलं. आमचं त्याच रात्री कुणाच्या तरी स्टेटसला असतंय. आमच्या फोनमध्ये एकाच जागी आई, मामा, वर्गातली पोरं, जुने सर, सगळे. मामानं साखरपुड्यात केलेला नाच घरात बघितला तर मी टाळ्या वाजवतो. तोच नाच कॉलेजची मैत्रीण माझ्या शेजारी बसून बघायला लागली की मी त्याच नाचाला क्रिंज म्हणतो. मामाचा नाच बदलला नाही. माझ्या शेजारी कोण आहे ते बदललं.

आणि पहिल्यांदा आपणच म्हणून टाकलं की सुटलो. दुसऱ्यानं म्हणायच्या आधी. धाकटा स्वतःच्या आठवीतल्या फोटोला क्रिंज म्हणतोय ते ह्याच्यासाठी. “ते मला पण कळतंय बरं का, मी आता तसा नाही” हे एका शब्दात सांगून झालं.

सगळ्याच वेळी एवढं खोल नसतं. जाहिरातीला म्हणतो तेव्हा नुसतं “काय बोअर” एवढंच. तोंडात बसलंय म्हणून येतंय.

शहापूरची काकू
बाळ, तू नीट सांगतेस. मग माझं काय होतं ते सांग की. मी शायरी म्हटली नव्हती. प्रसाद देत होतो.

येळ्ळूरची
काकू, तुम्ही “मी देतो” म्हणालात. मी पण “म्हणतो”, “बसलो” असंच लिहायलोय. आमच्या घरात आजीपासून सगळ्या बायका असंच बोलतात. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

गेल्या वर्षी पुण्याला एका स्पर्धेसाठी आठ दिवस राहिलो. पहिल्या रात्री खोलीत म्हणालो, “मी जेवलो, तुम्ही जाऊन या.” दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. तिसऱ्या दिवशी माझीच नक्कल, “मी येतो हं, मी झोपतो हं.” एक म्हणाली, “क्यूट आहे, पण थोडं क्रिंज आहे ना?” वाईट नव्हत्या त्या, डबा वाटून खायच्या. पण पाचव्या दिवसापासून मी तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य फिरवून घ्यायला लागलो. ‘जाते’, ‘येते’, ‘झोपते’. घरी परत आलो, आईनं फोनवर मावशीला “मी उद्या येतो” म्हटलं, आणि माझ्या पोटात तसंच आकसलं. स्वतःच्या आईचं ऐकून. ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

वडगावचे साडीवाले
त्यात हसण्यासारखं काय? कानडीत बाई असो की गडी, ‘होगतिनि’ एकच. तेच आपल्यात उतरलंय.

खानापूरचे मास्तर
मामा, कानडीत ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नाही हे बरोबर. पण कोल्हापूरकडं, जिथं घरात कानडी नाही, तिथल्या बायकाही “मी येतो” म्हणतात. त्यामुळं नुसतं कानडीवर टाकून भागत नाही. सीमाभागात दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देत असतील.

बाळ, तू लिहिलंस त्याला एक नाव आहे, आणि त्यात हाच शब्द आहे. १९५० साली ए. ए. फिलिप्स या ऑस्ट्रेलियन लेखकानं ‘मीन्जिन’ मासिकात एक निबंध लिहिला, ‘द कल्चरल क्रिंज’. त्याचं म्हणणं असं होतं की ऑस्ट्रेलियन वाचक स्वतःच्या देशातलं काही वाचताना मनातल्या मनात एका इंग्रज माणसाला शेजारी बसवतो, आणि त्याला हे कसं वाटेल याच धास्तीनं वाचतो. तुझ्या मामाच्या नाचाचं तू जे सांगितलंस, शेजारी कोण आहे ते बदललं, अगदी तेच. त्याच्या शेजारी लंडन होतं, आपल्या शेजारी पुणं आहे.

म्हणून मी माझ्या नातवंडांपुरता एक ताळा करतो. क्रिंज म्हटलं की त्या जागी तीन शब्द घालून बघायचे. “मला कसंनुसं झालं” बसलं तर ती खरी लाज, गॅदरिंगमधल्यासारखी. “बोअर” बसलं तर सोडून द्यायचं. आणि “गावठी” बसलं तर थांबायचं, कारण तिथं माणसानं काही चुकीचं केलेलं नसतं, तो फक्त कुठला आहे ते दिसलेलं असतं.

निपाणीकर
हा तिसरा प्रकार मी घरात बघितलाय. माझा भाऊ तंबाखूच्या वखारीत कामाला. टिकटॉक होतं तेव्हा दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ करायचा, गाण्यावर ओठ हलवायचा, एवढंच. २०२० च्या मे महिन्यात यूट्यूबवाले विरुद्ध टिकटॉकवाले असं भांडण पेटलं तेव्हा त्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली “क्रिंज” लिहून जायला लागले. तेव्हाच मी हा शब्द पहिल्यांदा वाचला. अर्थ कळला नाही म्हणून किळस समजून बसलो, कारण लिहिणाऱ्यांचा सूर तसाच होता. २९ जूनला बंदी आली आणि सगळंच गेलं. नंतर तशाच ओठ हलवण्याच्या रील मोठ्या शहरातल्या, चांगल्या कपड्यातल्या मुलींनी केल्या, त्यांना कुणी क्रिंज म्हटलं नाही. भावानं परत कधी केला नाही.

येळ्ळूरची
सर, तुमचा ताळा मला पुरता पटत नाही. माझ्या आईच्या “येतो”ला मला आकसल्यासारखं झालं ते खरंच झालं. “मला कसंनुसं झालं” तिथं बसतंय. आणि “गावठी” पण बसतंय. दोन्ही एकदम.

खानापूरचे मास्तर
खरं आहे. तिथं माझा ताळा तुटतो. विचार करून लिहितो.

वडगावचे साडीवाले
मग याला आपला शब्द कुठला? कानडीत ‘मुजुगर’ म्हणतात, ते जवळ जातंय.

खानापूरचे मास्तर
मुजुगर चांगला. पण तो ज्याला होतो त्याचाच. मराठीत ‘ओशाळवाणं’ म्हणून बघा. “किती ओशाळवाणं ते.” कर्त्याशिवाय चालतं, विशेषण पण आहे.

येळ्ळूरची
अर्थ बसतोय सर, पण कोण म्हणणार? रील बघता बघता अंगठा वर सरकायच्या आत म्हणून झालं पाहिजे. ‘ओशाळवाणं’ म्हणेपर्यंत पुढची रील येते.

शहापूरची काकू
काल थोरलीला फोन लावला. तुमच्या सगळ्यांचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आई, तेव्हा माझा व्हिडिओ कॉल चालू होता. खोलीतल्या मैत्रिणी आरती बघत होत्या.” मला ते माहीतच नव्हतं, फोटो काढतेय वाटलं. बाबांच्या गजराला म्हणालीस काय विचारलं, तर म्हणाली, “नाही गं, तो तर त्यांना आवडला.” मग “मी देतो” म्हणालो त्याला काय, विचारलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “जेवलीस काय?” मी म्हणालो, “जेवलो.”