साडीचा फोटो 'सुधारला' तर खाली लिहायचं का?

चौकट: फोटोला जरा जरी हात लावला तरी खाली तसं लिहिलंच पाहिजे, मग तो पेपरातला असो की साडीच्या दुकानाचा. एकदा लिहिलं की फसवणुकीचा प्रश्नच उरत नाही. कोणाचं काही वेगळं मत?

रीळवाला: आहे, आणि हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. अकरा वर्षं पेपरात फोटो काढले, आता पैठणी विकणाऱ्यांसाठी काढतो. साडी स्टँडवर लावताना टाचण्या दिसतात, पदरावर धाग्याचा कण पडलेला असतो, दिव्यामुळे अख्खी साडी पिवळी येते. टाचणी पुसली, कण काढला, पिवळेपणा घालवून रंग डोळ्यांना दिसतो तसा केला, यावर टीप कशाला? हे सगळं लिहीत बसलो तर प्रत्येक फोटोखाली तीच ओळ येईल आणि चौथ्या दिवसापासून ती कोणी वाचणार नाही.

आता दुसरी गोष्ट. एका व्यापाऱ्याने मला मोरपिशी साडी दिली आणि म्हणाला, "हिचाच राणी, वांगी, लिंबू असे आठ रंग करून द्या." एका साडीच्या निऱ्या लावून फोटो घ्यायला अर्धा तास जातो, संगणकावर रंग पाच मिनिटांत फिरतो, म्हणून हा आग्रह. पण पैठणीत उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या, त्यातूनच धूपछाव दिसते. फोटोत राणी रंग चढवला की अंग सपाट एकरंगी होतं, घडीच्या कडेला डोकावणारा दुसरा रंग नाहीसा होतो. पदरावरचे पोपट आठही फोटोंत तेच हिरवे राहतात. विणकर मात्र साडीचा रंग बदलला की नक्षीतल्या मीन्याचे रंगही बदलतो. ग्राहकाला असली साडी मिळूच शकत नाही, कारण ती कोणी विणलेलीच नाही. मी नाही म्हणालो आणि ते काम गेलं.

दुकानदार_नाशिक: साहेब, मी आठ रंग करून घेतो आणि मला त्यात गैर वाटत नाही. प्रत्येकाच्या फोनचा स्क्रीन वेगळा. एकाच साडीचा फोटो माझ्या फोनवर डाळिंबी दिसतो, बायकोच्या फोनवर लाल. त्यामुळे 'प्रत्यक्ष रंग थोडा वेगळा असू शकतो' असं आम्ही लिहितो. एवढं पुरे.

रीळवाला: स्क्रीनचं तुमचं बरोबर आहे. झगझगीत गुलाबी आणि राणी रंग तर साध्या स्क्रीनवर पूर्ण उतरतच नाहीत. पण ती ओळ स्क्रीनच्या फरकासाठी आहे. जी साडी कॅमेऱ्यासमोर आलीच नाही, तिला ती ओळ लागू कशी होईल? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत फोटो वस्तूच्या दिसण्याशी आणि दर्जाशी जुळला पाहिजे असं आहे, आणि जाहिरातीसारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तुमच्या ओळीने हा नियम पुसला जात नाही.

सुमन_क: मला वाटलं स्थळांच्या फोटोंबद्दल चाललंय. माझ्या मुलीचा फोटो स्टुडिओने न विचारता तीन छटा गोरा केला. भेटायला आलेल्या बाईंनी तोंडावर विचारलं, "फोटोतली मुलगी कुठे आहे?" मुलगी आत जाऊन रडली. साडीचे पैसे परत मिळतील, याचं काय? फोटोखाली 'गोरी केली आहे' असं लिहायचं का?

येवल्याची_सून: सुमनताई, वाचून वाईट वाटलं. तिथे टीप नको, तो फोटोच नको होता.
आमच्या घरी माग आहे. हातमागाच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते, यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात. एकाने मागच्या बाजूचा फोटो घेऊन ते धागे पुसले आणि 'हातमाग' म्हणून विकली. उलट आमच्या साडीत बाण्याची एखादी ओळ जरा जाड येते, हाताचं काम आहे. ती ओळही फोटोवाल्याने पुसली. दोन्ही साड्या सारख्या दिसायला लागल्या आणि आमच्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "मग तुमची महाग का?" गिऱ्हाईक पैसे विणीचे देतं. तिला हात लावला तर कुठलीही टीप पुरत नाही.

तिसरी_घंटा: साडी जाऊ द्या, पेपराचं बोला. मी पंढरपुरात होतो तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटातल्या वारीच्या फोटोमधून कोपऱ्यातली प्लास्टिकची बाटली पुसून फोटो पाठवला. कीर्तन सुंदर होतं, बाटली खुपत होती. त्याच आठवड्यात वाळवंटातल्या कचऱ्यावर पेपरात बातमी होती. संपादकांनी मूळ फोटो मागवला आणि माझं काम बंद केलं. माझं आजही म्हणणं आहे, मी दोन पावलं उजवीकडे सरकलो असतो तर बाटली चौकटीत आलीच नसती आणि कोणी एक शब्द बोललं नसतं!

रीळवाला: सरकला असतात तर तो तुमच्या नजरेचा निर्णय होता. पुसलीत, म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते नाकारलंत. सीरियातल्या फोटोचं प्रकरण आठवा. नार्सिसो कॉन्ट्रेरासने कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. बातमीच्या दृष्टीने किरकोळ वस्तू होती, तरी २०१४ मध्ये एपी या वृत्तसंस्थेने त्याच्याशी संबंध तोडले. आदल्या वर्षी पुलित्झर मिळालेल्या चमूतला माणूस. एपी उजेड-अंधार आणि रंग माफक सुधारू देते, डोळ्यातला लाल ठिपका मात्र काढू देत नाही.

तिसरी_घंटा: म्हणजे काळं आभाळ आणखी काळं केलं तर चालतं, बाटली पुसली तर घरी बसा? अंधार वाढवून तुम्ही लोकांनी साध्या पावसाचा महापूर केलेला मी पाहिलाय. 'तुम्ही लोक' म्हणजे तुम्हीच. उपदेश पुरे.

रीळवाला: वैयक्तिक नको. पण हो, आभाळाचं तुमचं खरं आहे. माझ्याही एका फोटोत दुपारचे चार संध्याकाळचे सात वाटत होते, आणि तो छापला गेला. खाली 'रंग सुधारला आहे' असं लिहिलं असतं तरी वाचणाऱ्याला वेळ सातचीच वाटली असती.

चौकट: ठीक, 'लिहिलं की प्रश्न संपला' हे माझं वाक्य मागे घेतो. पण ग्राहकाने ओळखायचं कसं, हे कोणी सांगत नाही.

येवल्याची_सून: आठही रंगांचे फोटो शेजारी ठेवून निऱ्या बघा. दोन साड्यांची प्रत्येक घडी तंतोतंत सारखी पडत नाही. पडली असेल तर साडी एकच आहे. मग खिडकीच्या उजेडातला व्हिडिओ मागवा, साडीशेजारी पांढरा कागद ठेवायला सांगा आणि पदर उलटून दाखवायला सांगा. कागद निळसर किंवा पिवळा दिसला तर साडीचाही रंग खरा नाही.

दुकानदार_नाशिक: बघा, आठही साड्यांचे फोटो काढणं मला परवडत नाही, हे कोणी ऐकून घेत नाही. राणी आणि वांगी सगळ्यात जास्त परत येतात, त्या दोन खऱ्या काढून घेतो. बाकीच्या बदललेल्या रंगांवर काय लिहू ते सांगा.

रीळवाला: 'हा रंग संगणकावर बदलून दाखवला आहे, या साडीचा फोटो काढलेला नाही. मागणी केल्यास व्हिडिओ पाठवू.' आणि हे पहिल्या फोटोवरच, परतीच्या अटींच्या खाली नाही.

तिसरी_घंटा: साडीला टीप चालते आणि माझ्या बाटलीला नाही, हे मला अजून पटलेलं नाही.