हेतू नको, तारीख लिहा

«‘नेहमी मलाच जास्त काम देतात’ असं एचआरला लिहिलं, तर ‘तक्रार मोघम आहे’ म्हणून परत आलं. आता काय लिहू?»

भाऊ, आधी ‘नेहमी’ काढा. तो तपासता येत नाही, तारीख तपासता येते. मी यवतमाळकडे एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो, माझंही पत्र असंच अडलं होतं. मग काट्याच्या पावत्यांवरून लिहिलं: ‘१२ डिसेंबरला सकाळी ८ ते रात्री ९ मी कापसाच्या ६४ गाड्या मोजल्या. दुसऱ्या काट्यावर त्याच वेळेत २७ झाल्या. गाड्या माझ्याकडे वळवण्याचा सुपरवायझरांचा सकाळचा व्हॉट्सॲप मेसेज सोबत जोडला आहे.’

अशा ५ तारखा पुरल्या. १५ तारखेला माझ्याकडेच कमी गाड्या होत्या, तेही लिहिलं. लपवलं असतं तर पावत्या तपासताच बाकीच्या तारखांवरचा विश्वास उडाला असता. ‘साहेब मर्जीतल्यांना सांभाळतात’ हे वाक्य मात्र खोडलं. खरं वाटत होतं, पण हेतूचा पुरावा कुठून आणणार?

मागणी एकच ठेवली: गाड्या दोन्ही काट्यांवर आळीपाळीने सोडा आणि ७ दिवसांत लेखी कळवा. पत्र हाती देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही आणि तारीख घ्याच.