शिल्लक रकान्यात ‘-0.00’: शेपूट छाटायचं तरी कुठे?

सुताची_वही: अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी सुताच्या शिलकीचा तक्ता पायथनमध्ये करतोय. सूत आलं 0.3 किलो, वापरलं 0.1 आणि 0.2. शिल्लक येते `-2.7755575615628914e-17`. माझं मत, हिशेबाला हात लावू नये, फक्त दाखवताना छाटावं. पटतंय का?

बाळीवेसकर: शंभर टक्के. `format(x, '.12g')` लावा नि मोकळे व्हा. 0.1 + 0.2 च्या बेरजेला येणाऱ्या 0.30000000000000004 चं गुमान 0.3 होतं.

जुना_मागवाला: बेरजेला ठीक आहे हो, पण इथे लावून बघितलंत का? `-2.77555756156e-17` येईल. ते बारा अंक पहिल्या शून्येतर अंकापासून मोजले जातात. जवळपास सारख्या आकड्यांची वजाबाकी झाली की खरे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे नुसता कचरा उरतो. त्याचे बारा अंक जपून काय करायचंय? कुठे छाटायचं ते काट्याला विचारा. काटा ग्रॅमपर्यंत मोजत असेल तर किलोत तीन दशांश, बास.

```python
shillak = round(0.3 - 0.1 - 0.2, 3) + 0.0
```

`round` एकट्याने `-0.0` देतं. शेवटच्या `+ 0.0` ने ते उणे चिन्ह जातं.

सुताची_वही: पण मी `.2f` ने दाखवलं तर भागेल की.

जुना_मागवाला: तक्त्यात `-0.00` छापून येईल. शिवाय ‘शिल्लक शून्याखाली गेली की ओळ लाल’ अशी अट असेल तर ती मूळ आकडा बघते, छापलेला नाही. सूत बरोब्बर संपलेलं असताना मालक विचारणार, कमी कसं पडलं?

जीएसटीग्रस्त: माझंही हेच दुखणं! 100 रुपये तिघांत वाटले, ओळीत 33.33, बेरीज मारली तर 99.99. एक पैसा गेला कुठे?

जुना_मागवाला: तुमचा पैसा छाटण्यामुळेच गेलाय, दुखणं वेगळं आहे. एका ओळीत 33.34 टाका.

ग्रॅमवाली: मुळात किलो कशाला? ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवा, 300 वजा 100 वजा 200, शून्य. छाटायचा प्रश्नच मिटला. दाखवताना हजाराने भागा.

सुताची_वही: आणि घट टक्क्यांत काढायची असते, टॉवेलमागे सरासरी सूत काढायचं असतं, त्याचं काय? तिथे अपूर्णांक येणारच.

ग्रॅमवाली: भागाकार शेवटी एकदाच होतो. तिथे खुशाल दाखवतानाच छाटा.

जुना_मागवाला: मलाही हे मान्य आहे. शिल्लक हिशेबातच गोल करायला हरकत नाही, कारण खरं उत्तर पूर्ण ग्रॅममध्येच असतं, गोल केल्याने काही हरवत नाही. सरासरीचं तसं नाही, ती मधेच गोल केली की चूक पुढे वाढत जाते.

बाळीवेसकर: बरं, पण गोदामातला मोठा काटा 50 ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि मागाजवळचा छोटा एका ग्रॅमने. मग शिल्लक किती दशांशांची?

ग्रॅमवाली: ग्रॅमच ठेवायचं.

जुना_मागवाला: ठेवा, पण मग 20 ग्रॅमच्या तुटीला लाल रंग देऊ नका. ती तूट सुताची की मोठ्या काट्याची, हे तक्ता सांगू शकत नाही.