मदत हवी आहे: मधे जादा पैसे भरल्यावर लोनचा शेवटचा हप्ता कधी येतो, एक्सेलमध्ये कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, एक्सेलमध्ये लोनची शीट करतोय आणि एका ठिकाणी अडलोय. लोन 3 लाख, व्याज वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1, मुदत 36 महिने, हप्ता 9964.29, पहिला हप्ता 5 एप्रिल 2023 चा. 12 हप्ते भरल्यावर मुद्दल साधारण 2,11,675 उरतं, त्याच दिवशी म्हणजे 5 मार्च 2024 ला 50,000 जादा भरले, हप्ता तोच ठेवला, तर आता बाकी 1,61,675. त्यावर हे लावलंय, `B2` मध्ये 5 मार्च 2024 ही तारीख आहे:

```
=NPER(1%,-9964.29,161675)
=EDATE(B2,ROUNDUP(NPER(1%,-9964.29,161675),0))
```

पहिल्याचं उत्तर 17.79 येतं, म्हणून वर ढकलून 18 धरले, शेवटची तारीख 5 सप्टेंबर 2025 येते आणि शेवटचा हप्ता 7,900 च्या आसपासच पडतो, हे मला पटतंय, कारण 17 धरले तर बाकी शून्य होतच नाही. हप्ता मायनसमध्ये द्यायला लागतो, नाहीतर महिनेच मायनसमध्ये येतात.

खरी अडचण पुढे आहे. जादा पैसे एकदाच न भरता वेगवेगळ्या महिन्यांत तीन-चार वेळा भरले, त्यातही एखादी रक्कम दोन हप्त्यांच्या मधे, 20 तारखेला वगैरे, तर प्रत्येक वेळी बाकी काढून `NPER` नव्याने लावायचं का सरळ महिन्यावार तक्ता करून बाकी शून्य होईल ती ओळ शोधायची? आणि मधल्या त्या दिवसांचं व्याज तक्त्यात कसं बसवता तुम्ही? कोणी केलं असेल तर फॉर्म्युला सांगा प्लीज.