मदत हवी आहे: रेझोनेटर गेल्यापासून गाडी घुमते

मंडळी, मी म्हापशाचा. जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. इथल्या पावसाने नि खाऱ्या हवेने एक्झॉस्टचा मधला रेझोनेटर सडला, तो कापून गॅरेजवाल्याने सरळ पाइप वेल्ड केला. मागचा सायलेन्सर तोच. आता २४०० आरपीएमला केबिनमध्ये असा घुमारा उठतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. ३००० च्या वर गेलं की गायब. दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ८०. रेझोनेटर नेमका हाच सूर दाबत असणार.

गॅरेजवाला म्हणतो, बॅक प्रेशर कमी झालं म्हणून चढावर दम नाही. मला पटत नाही. आरपार जाळीनळीचा रेझोनेटर धूर अडवतोच किती? शिवाय चोर्ला घाटात गाडी आधीपासूनच ओढत नव्हती. माझा संशय कॅटॅलिस्टवर. त्याच्या अलीकडचा, मॅनिफोल्डजवळचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावणार आहे. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर काटा गेला तर कॅटॅलिस्ट तुंबलाय असंच समजायचं ना?

असा गेज पणजी-म्हापसा भागात कोणाकडे मिळेल? आणि रेझोनेटर कंपनीचाच हवा, की त्याच मापाचा बाहेरचा चालेल?